निवृत्तीआधीची रजा घ्यावी की सगळी रजा रोखीत घ्यावी?

प्रश्न: मी केंद्र सरकारच्या कार्यालयात आहे, ३० एप्रिल २०२६ ला रिटायर होतोय. ३१ डिसेंबरला माझ्या खात्यावर २९६ ईएल आणि २१४ एचपीएल असतील. बेसिक ६०,४००. शेवटचे चार महिने एलपीआर टाकून घरी बसावं असं वाटतं. एक सहकारी म्हणतो एलपीआर घेतली तर पगारही मिळतो आणि एन्कॅशमेंटही पूर्ण मिळते. दुसरा म्हणतो एक दिवसही घेऊ नका, लाखांचं नुकसान होईल. खरं काय आणि अर्ज कसा करायचा?

उत्तर:

दोघंही अर्धं अर्धं बरोबर आहेत. तुमच्या आकड्यांवर चार महिन्यांच्या रजेची किंमत साधारण १ लाख ८१ हजार रुपये येते. 'काहीच जात नाही' हे खोटं, आणि 'चार महिन्यांचा पगार बुडाला' हेही खोटं. हा आकडा कुठून आला ते खाली मांडतो, कारण त्यातच कुठली रजा आधी वापरायची याचं उत्तर आहे. मी जे सांगतोय ते केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ वर आधारलेलं आहे. राज्य सरकारी मंडळींना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागतात. त्यांनी हा हिशेब जसाच्या तसा उचलू नये, विशेषतः अर्धवेतनी रजेच्या रोखीकरणाचा भाग आपल्या आस्थापना शाखेकडून आधी पडताळून घ्यावा.

पहिली गोष्ट, या दोन गोष्टी नियमांतही वेगळ्या आहेत. सेवानिवृत्तिपूर्व रजा म्हणजे एलपीआर, ही नियम ३८ खाली येते. ती रजाच आहे. तुम्ही अर्ज करता, सक्षम अधिकारी मंजूर करतो, तुम्ही घरी असता आणि दर महिन्याला रजा वेतन खात्यात येतं. त्या काळात तुम्ही नोकरीतच असता. रोखीकरण हे नियम ३९ खाली येतं. निवृत्तीच्या दिवशी खात्यावर जी रजा शिल्लक राहिली तिचे पैसे, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी कर्मचाऱ्याने अर्ज करावा असंही नियमात नाही. आदेश कार्यालयाने स्वतःहून काढायचा आहे. आता एकच दिवस एकदा रजा म्हणून वापरला तर तो शिल्लक कसा राहील? म्हणून 'पगारही आणि पूर्ण एन्कॅशमेंटही' हे त्याच दिवसांच्या बाबतीत होऊच शकत नाही.

मग तुमचा पहिला सहकारी अगदीच हवेत बोलतोय का? नाही. त्याच्या बोलण्याच्या मुळाशी एचपीएल आहे. रोखीकरणाला ३०० दिवसांची मर्यादा आहे आणि ती ईएल व एचपीएल मिळून आहे. आधी ईएल मोजतात. ती ३०० पेक्षा कमी भरली तर उरलेली जागा एचपीएलने भरतात, अर्ध्या दराने. ईएलच पूर्ण ३०० असेल तर एचपीएलला जागाच उरत नाही, आणि तीस-पस्तीस वर्षं साठवलेली अर्धवेतनी रजा निवृत्तीच्या संध्याकाळी सरळ बाद होते. तुमच्याकडे अशी रजा २०० च्या वर आहे. एलपीआरचा विचार करण्यात काही अर्थ असेल तर तो इथेच आहे.

आता शिल्लक नीट काढू. १ जानेवारीला नेहमीसारखे १५ दिवस जमा होणार नाहीत. ज्या सहामाहीत निवृत्ती आहे त्या सहामाहीत दर पूर्ण महिन्याला अडीच दिवस ईएल मिळते. जानेवारी ते एप्रिल चार महिने, म्हणजे १० दिवस. एचपीएल महिन्याला पाच तृतीयांश दिवस, चार महिन्यांचे ६.६७, म्हणजे ७. तुमची एचपीएल झाली २२१.

ईएलचं जरा बारकाईने पाहा. शिल्लक २८५ च्या वर असली की नवीन जमा होणारे दिवस मूळ शिल्लकीत मिसळत नाहीत, वेगळे दाखवतात. रजा खात्यात '२९६ + १०' असं लिहिलेलं दिसेल. त्या सहामाहीत ईएल घेतली तर ती आधी या वेगळ्या १० मधून वजा होते. काहीच घेतली नाही तर शेवटी ३०६ धरले जात नाहीत, ३०० वरच गाडी थांबते. म्हणजे तुमचे ६ दिवस असेही जाणारच आहेत. हे ६ दिवस तुम्ही नातवाच्या मुंजीला घेतले काय किंवा एलपीआरच्या सुरुवातीला घेतले काय, त्यांना शून्य किंमत पडते. घेतल्यावर २९६ + ४, बरोबर ३०० उरतात. एलपीआरचं मनात नसलं तरी हे सहा दिवस घ्याच.

रोखीकरणाचं सूत्र असं: निवृत्तीच्या दिवशीचं मूळ वेतन अधिक त्या दिवशीचा महागाई भत्ता, भागिले ३०, गुणिले दिवस. घरभाडं, वाहतूक भत्ता यात येत नाही. महागाई भत्ता मी उदाहरणापुरता ५८ टक्के धरतो, १ जुलै २०२५ पासूनचा हा दर आहे. प्रत्यक्षात ३० एप्रिलला जो दर लागू असेल तो धरला जाईल. तुमचं ६०,४०० अधिक ३५,०३२, म्हणजे ९५,४३२. एका ईएलची किंमत ३,१८१ रुपये. एचपीएलसाठी अर्धं वेतन ३०,२०० आणि त्यावरचा भत्ता १७,५१६, मिळून ४७,७१६. एका एचपीएलची किंमत १,५९०.

आता तीन मार्ग लावून बघू.

शेवटच्या दिवसापर्यंत काम केलंत (ते सहा दिवस वगळता), तर चार महिन्यांचा पूर्ण पगार आणि ३०० ईएलचे ९,५४,३२० रुपये. एचपीएल सगळी बाद.

१ जानेवारी ते ३० एप्रिल, १२० दिवस, पूर्ण ईएल टाकलीत, तर पगार चारही महिने पूर्ण येईल. ईएल उरेल ३०६ वजा १२०, म्हणजे १८६. त्यांचे ५,९१,६७८ रुपये. ३०० ला ११४ दिवस कमी पडतात, ते एचपीएलमधून भरले जातात: १,८१,३२१ रुपये. एकूण ७,७२,९९९. पहिल्या मार्गापेक्षा १,८१,३२१ कमी. दुसरा सहकारी इथे चुकतो. तो ११४ ईएलचे साडेतीन लाखांच्या वर बुडाले असं मोजतो, पण रिकाम्या झालेल्या जागेत एचपीएल येऊन बसते हे विसरतो.

तिसरा मार्ग म्हणजे ६ दिवस ईएल आणि पुढचे ११४ दिवस एचपीएल. मग ईएल पूर्ण ३०० राहते आणि रोखीकरण ९,५४,३२० अखंड मिळतं. कमी होतो तो चार महिन्यांचा पगार, कारण ११४ दिवस अर्ध्यावर निघतात. ही तूटही जवळजवळ तेवढीच, १ लाख ८१ हजारांच्या आसपास, दोन-तीनशे रुपये इकडे तिकडे.

म्हणजे दोन्ही रस्त्यांनी किंमत तीच! गंमत वाटते, पण कारण साधं आहे: दोन्हीत तुम्ही ११४ एचपीएल कामाला लावता, एकदा रजा म्हणून, एकदा रोख म्हणून. तुमच्यासारख्या भरपूर एचपीएल असलेल्या माणसाला सहा फुकट दिवसांनंतर रजेचा प्रत्येक दिवस १,५९० रुपयांना पडतो. ज्याच्या खात्यावर एचपीएल जवळपास नाहीच, त्याला तोच दिवस पूर्ण ३,१८१ ला पडेल. हा फरक न पाहता एकाने दुसऱ्याला सल्ला दिला की घोळ होतो.

किंमत सारखी असेल तर निवड कशावरून करायची? प्राप्तिकरावरून. सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळचं रजा रोखीकरण पूर्ण करमुक्त आहे, मर्यादा नाही. एलपीआरचं रजा वेतन मात्र साधा पगार, करपात्र. दुसऱ्या मार्गात करपात्र पगार जास्त आणि करमुक्त रक्कम कमी, तिसऱ्यात उलटं. तुमचं करपात्र उत्पन्न नव्या करप्रणालीतल्या १२ लाखांच्या सवलतीत बसत असेल तर तुम्हाला फरक पडणार नाही. व्याज, भाडं धरून त्याच्या वर जात असाल, तर ६ ईएल आणि बाकी एचपीएल हा मार्ग सरळ फायद्याचा. (बँका आणि सार्वजनिक उपक्रमांतल्या वाचकांसाठी: तुमचं रोखीकरण २५ लाखांपर्यंतच करमुक्त आहे आणि तुमचे रजा नियमही निराळे.) दुसरा विचार घरातल्या पैशाचा. तिसऱ्या मार्गात चार महिने हातात निम्मा पगार येईल. घरकर्जाचा हप्ता, सोसायटीची वर्गणी त्याच पगारातून कापली जाणार, त्यामुळे जानेवारीचं वेतनपत्रक पाहून दचकू नका. आणि कुठलीही रजा असली तरी जो कॅलेंडर महिना पूर्ण रजेत जाईल त्या महिन्याचा वाहतूक भत्ता मिळणार नाही.

पेन्शन कमी होईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अर्ध्या पगाराचं नाव काढलं की ते विचारलं जातंच. नाही होणार. निवृत्तीच्या लगेच आधी माणूस रजा वेतन मिळणाऱ्या रजेवर असेल, तर तो कामावर असता तर जे वेतन घेतलं असतं तेच पेन्शनसाठी धरतात. एचपीएलमध्ये हातात ३०,२०० आले तरी पेन्शनचा पाया ६०,४०० च. हा काळ अर्हताकारी सेवेतही मोजला जातो.

खरी ठेच लागते ती वेतनवाढीच्या तारखेला. तुमची वेतनवाढ १ जुलैची की १ जानेवारीची हे तुम्ही लिहिलेलं नाही. जुलैची असेल तर ती २०२५ ला लागून गेली, पुढचा भाग सोडून द्या. जानेवारीची असेल तर १ जानेवारीपासून रजा टाकणं ही मोठी चूक ठरेल. रजेवर असताना लागलेली वेतनवाढ प्रत्यक्षात कामावर हजर झाल्यापासून मिळते, आणि एलपीआरवरचा माणूस हजर होतच नाही. ईएलच्या सुरुवातीच्या काळात लागलेली वेतनवाढ पेन्शनसाठी धरण्याची तरतूद आहे, पण ती ईएलपुरतीच. एचपीएलला तिचा आधार नाही. तुमच्या स्तंभात ६०,४०० नंतरचा टप्पा ६२,२०० आहे. १,८०० ची वाढ हुकली तर रोखीकरणात २८,४४० रुपये आणि मूळ पेन्शनमध्ये दरमहा ९०० रुपये जातात, वर आयुष्यभराचा महागाई दिलासा. तेव्हा १ जानेवारीला कामावर हजर राहा, सही करा, आणि २ पासून रजेवर जा. एका दिवसाच्या हजेरीला इतकी किंमत क्वचितच असते.

आता अर्ज. नमुना १ हाच रजेचा नेहमीचा फॉर्म चालतो, ऑनलाइन प्रणाली असेल तर तिथूनही. रजेचा प्रकार लिहिताना मात्र 'अर्जित रजा' एवढंच लिहून थांबू नका. मजकूर साधारण असा असावा:

'मी दि. ३० एप्रिल २०२६ (म. नं.) रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहे. मला दि. १ जानेवारी २०२६ ते ६ जानेवारी २०२६ अर्जित रजा ६ दिवस, आणि त्यास जोडून दि. ७ जानेवारी २०२६ ते ३० एप्रिल २०२६ अर्धवेतनी रजा ११४ दिवस, दोन्ही सेवानिवृत्तिपूर्व रजा म्हणून, केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ च्या नियम ३८ नुसार मंजूर व्हावी. उर्वरित अर्जित रजेचे रोखीकरण नियम ३९ नुसार व्हावे.'

वेतनवाढ जानेवारीची असेल तर सगळ्या तारखा एक दिवस पुढे: ईएल २ ते ७ जानेवारी, एचपीएल ८ जानेवारीपासून ११३ दिवस.

शेवटची तारीख नीट बघा. ही रजा निवृत्तीच्या दिवसापर्यंत आणि तो दिवस धरून असली पाहिजे, नाहीतर ती एलपीआर होत नाही. '२९ एप्रिलपर्यंत' असं चुकून लिहिलं तर ती साधी रजा होते आणि ३० ला हजर होणं भाग पडतं. निवृत्तीचा दिवस रविवारी आला तरी तो रजेतच धरायचा. शेवटच्या सुट्ट्या 'जोडून' सोडायची नेहमीची सोय इथे लागू नाही. सुरुवातीला सुट्टी जोडता येते. मधले शनिवार-रविवार मात्र दोन्ही प्रकारच्या रजेत मोजले जातात, म्हणून तर १२० पूर्ण दिवस लागतात.

एचपीएल अर्धवेतनी म्हणूनच मागा. बरेच जण वैद्यकीय दाखला जोडून ती परिवर्तित करून पूर्ण पगारी करायला बघतात, कारण २२१ एचपीएलमध्ये ११० दिवस परिवर्तित बसतात. कागदावर फार गोड दिसतं हे. पण परिवर्तित रजा मंजूर करताना कर्मचारी रजेनंतर कामावर परत येण्याची वाजवी शक्यता आहे अशी अधिकाऱ्याची खात्री व्हायला हवी, आणि निवृत्तीपर्यंतच्या रजेत ती शक्यताच नसते. असा अर्ज अडला तर रजा अर्धवेतनीत बदलते आणि दिलेल्या जादा पगाराची वसुली निवृत्तीच्या रकमेतून होते. खरोखर आजारी असाल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांच्या कागदावर चालायचं. असाधारण रजा एलपीआरमध्ये बसत नाही, आणि अनर्जित रजा तर एलपीआरसाठी नियमानेच बंद आहे.

अर्ज किती आधी द्यायचा याला नियमात ठरावीक मुदत नाही. चार महिन्यांची रजा मागणार असाल तर ऑक्टोबरमध्ये कागद टेबलावर गेलेला बरा. त्याआधी आस्थापना शाखेत जाऊन रजा खातं, म्हणजे नमुना २, स्वतः उघडून पाहा. सगळ्यात जास्त सापडणारी चूक एचपीएलच्या रकान्यात असते. परिवर्तित रजा १५ दिवस घेतली की एचपीएलमधून ३० वजा व्हायला हव्यात. जुन्या नोंदीत कुणीतरी १५ च वजा केलेल्या असतात. तुमचे २१४ त्या चुकीवर उभे असतील तर ते तुमचे नाहीत, आणि वेतन व लेखा कार्यालयाच्या तपासणीत ते शेवटच्या महिन्यात बाहेर येतं. तुम्ही तेव्हा ११४ दिवसांच्या रजेच्या मधोमध असाल. दुसरी जागा म्हणजे असाधारण रजेची वर्षं: त्यापुढच्या सहामाहीत ईएलच्या जमेतून असाधारण रजेच्या दिवसांच्या एक दशांशाइतके दिवस कापायचे असतात, आणि ती कपात राहून गेलेली असते. हे आत्ता दुरुस्त केलं तर दोन-चार दिवसांचा प्रश्न, नंतर केलं तर वसुली. एलटीसीसोबत रोखीत घेतलेल्या रजेची मात्र काळजी नको. नोकरीभरातले ते ६० दिवसांपर्यंतचे दिवस निवृत्तीच्या ३०० मधून वजा होत नाहीत. रजा खात्यातून ते तेव्हाच कमी झालेले असतात.

रजा हक्क नाही, हे तुमचा अधिकारी सांगेलच, आणि ते खरंही आहे. सेवेची गरज दाखवून तो नाकारू शकतो. तसं झालं तर लेखी उत्तर घ्या, पण त्यातून निवृत्तीनंतर रजा पुढे चालत नाही. 'नाकारलेली रजा निवृत्तीनंतर उपभोगता येते' असं जुने लोक सांगतात ते आता बाद झालेलं आहे. निवृत्तीच्या तारखेपलीकडे रजा नाही. नाकारलेले ईएलचे दिवस ३०० च्या आत रोखीत मिळतात, वरचे जातात. तुमच्या बाबतीत नकार आला तर ते सहा दिवस तरी तुकड्यातुकड्याने मागून घ्या. सहा दिवस सहसा कोणी नाकारत नाही.

साध्या रजेत आणि एलपीआरमध्ये आणखी एक फरक आहे जो घरी बसल्यावर कळतो. साधी ईएल एका वेळी १८० दिवसांपर्यंतच मिळते, एलपीआरमध्ये ईएल ३०० पर्यंत आणि वर एचपीएल. पण साध्या रजेवरून लवकर परत येणं सोपं, एलपीआरवरून नाही. एकदा एलपीआरवर गेलात की नियुक्ती अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय पुन्हा कामावर रुजू होता येत नाही. फेब्रुवारीत कंटाळा आला म्हणून फोन केला आणि सोमवारी आलात, असं होत नाही. मनात शंका असेल तर निम्म्या काळासाठी साधी रजा घ्या आणि उरलेल्याचं नंतर ठरवा; पैशाच्या हिशेबात काही बदल होत नाही, कारण वापरले जाणारे दिवस तेच.

आणि त्या चार महिन्यांत तुम्ही सरकारी नोकरच असता. ओळखीच्या सीएकडे बसायचं, शिकवणीच्या क्लासमध्ये पगारी काम धरायचं, सल्लागार म्हणून पाटी लावायची, हे सगळं पूर्वपरवानगीशिवाय नाही. नियम १३ मध्ये एलपीआरचं नाव घेऊन हे लिहिलेलं आहे. निवृत्तीनंतरचं काम ठरलेलं असेल आणि ते जानेवारीतच सुरू होणार असेल, तर आधी परवानगीचा कागद हातात घ्या. चौकशी सुरू असलेल्यांनी हेही लक्षात ठेवावं की निलंबनात रजा मिळत नाही, आणि निवृत्तीच्या वेळी विभागीय किंवा फौजदारी प्रकरण प्रलंबित असेल आणि वसुलीची शक्यता असेल, तर रोखीकरणाची रक्कम पूर्ण किंवा काही अंशी रोखून ठेवता येते.

कार्यभार तुम्ही रजेच्या आदल्या कामाच्या दिवशीच सोपवाल, ३० एप्रिलला नाही. म्हणून पेन्शनचे फॉर्म, नामनिर्देशन, संयुक्त फोटो, 'ना देय' दाखले हे सगळं डिसेंबरमध्ये संपवा. एलपीआरवर गेल्याने पेन्शनचं प्रकरण थांबत नाही, पण सहीसाठी तुम्हाला परत परत बोलावलं गेलं तर चार महिन्यांच्या रजेची मजा राहत नाही. जीपीएफ असेल तर एक सोय आहे जी फार थोडे वापरतात. सेवानिवृत्तिपूर्व रजेवर गेलेल्या वर्गणीदाराला निवृत्तीची वाट न बघता अर्ज करून खात्यातली शिल्लक अंतिम म्हणून काढता येते. घराचं काम, मुलीचं लग्न असं काही एप्रिलच्या आत असेल तर हे तपासा. नसेल तर व्याज सुरू राहू द्या.

शेवटी, रोखीकरणाच्या आदेशाची प्रत मागून घ्या आणि त्यात तीन आकडे पाहा: ईएलचे दिवस, एचपीएलचे दिवस (तुमच्या तिसऱ्या मार्गात हे शून्य असतील) आणि महागाई भत्त्याचा दर. जानेवारीपासूनचा वाढीव भत्ता मार्चच्या आसपास जाहीर होतो, आणि आदेश त्याआधी टाइप करून ठेवलेला असला तर जुना दर तसाच राहून जातो. फरकाची मागणी साध्या पत्राने करता येते. ग्रॅच्युइटीला उशीर झाला तर व्याजाची तरतूद आहे, रजा रोखीकरणाच्या उशिराला रजा नियमांत तशी नाही, म्हणून या कागदाचा पाठपुरावा मे महिन्यातच करा.